वेटरांसाठी चाळीस मिनिटांचं प्रशिक्षण: गिऱ्हाइकावर दडपण न आणता पदार्थ कसा सुचवायचा?

पर्वरीकर
कळंगुटच्या बाजूच्या एका फॅमिली रेस्टॉरंटात सीझन सुरू व्हायच्या आधी वेटरांना छोटं प्रशिक्षण द्यायचं आहे. मुलं नऊ आहेत. निम्मी सावंतवाडी-दोडामार्गकडची, बाकीची बेळगावची. दुपारी थाळ्या, संध्याकाळी बार आणि ट्रेमधली अख्खी मासळी साइझप्रमाणे दरानं, असा कारभार. मालकांना टेबलामागे बिल वाढलेलं हवं आहे. माझी हरकत नाही, पण माणूस उठताना चिडलेला नको. वेळ चाळीस मिनिटं, तीही दुपारच्या शिफ्टआधी.

मुलांच्या हातात द्यायच्या कागदावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही वाक्यं हवीत. इंग्रजीही देवनागरीतच लिहा, म्हणजे ती चटकन वाचतील. नेमकं काय शिकवावं?

जुना_कॅप्टन
चाळीस मिनिटांत दहा गोष्टी सांगितल्यात तर एकही टिकणार नाही. मी फक्त एक क्षण शिकवीन: ऑर्डर घेऊन झाल्यावर ती परत वाचून दाखवतानाचा.

गिऱ्हाईक येऊन बसलं की पाणी आणि मेन्यू ठेवायचा, 'नमस्कार' म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. या वेळी काही सुचवायचं नाही. माणूस अजून उन्हातून आत आलेला असतो, पोरांना बसवत असतो. तेव्हा 'आज क्रॅब फ्रेश आहे सर' म्हटलं की त्याला हे गळ्यात मारणार असं वाटतं, आणि मग पुढचं तुमचं चांगलं वाक्यसुद्धा तो संशयानं ऐकतो.

दोनतीन मिनिटांनी ऑर्डर घ्यायला जायचं. त्यांना हवं ते सगळं आधी सांगू द्यायचं, मध्ये तोडायचं नाही. मग ऑर्डर मोठ्यानं वाचायची. वाचता वाचता वेटरनं मनात एकच प्रश्न विचारायचा: या जेवणात काय नाही? जे नाही तेच एकदा, किमतीसकट सुचवायचं. काहीच कमी नसेल तर सुचवायचं नाही आणि केओटी, म्हणजे किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, लावायची.

एक उदाहरण घेऊ. कोल्हापूरकडचं कुटुंब आहे: नवरा-बायको, आजी, दहाबारा वर्षांची मुलगी. ऑर्डर आली दोन फिश थाळ्या, आजींना व्हेज थाळी, मुलीला चिकन शाकुती आणि सहा पाव. समजा फिश थाळी ३५०, व्हेज २५०, शाकुती ३८०, पाव १० रुपये. म्हणजे १३९० झाले.

इथं काय सुचवू नये ते आधी बघा. सोलकढी नको, कारण ती थाळीत वाटीभर येतेच. सुरमईचा रवा फ्राय नको, कारण थाळीत तळलेला तुकडा आहे. ज्या मुलाला आपल्याच थाळीत काय काय येतं ते पाठ नसतं तो हेच दोन पदार्थ सुचवतो. गिऱ्हाइकापुढे दोन सोलकढ्या येतात आणि त्याला कळतं की याला माझ्या जेवणाशी काही देणंघेणं नाही.

या टेबलावर मधोमध ठेवून वाटून खायचं असं काही नाही. म्हणून:

'दोन फिश थाळी, एक व्हेज, एक चिकन शाकुती, सहा पाव. बरोबर ना? सगळ्यांत मिळून घ्यायला तिसऱ्यांचं सुकं आहे, आज चांगल्या मिळाल्यात. तीनशे चाळीसला प्लेट, तिघांना पुरते. आणू, की एवढंच राहू दे?'

इंग्रजीत: 'टू फिश थालीज, वन व्हेज, वन चिकन शाकुती, सिक्स पाव. इज दॅट राइट? इफ यू वुड लाइक समथिंग टू शेअर, द क्लॅम्स आर गुड टुडे. थ्री हंड्रेड अँड फोर्टी अ प्लेट, इनफ फॉर थ्री. शॅल आय ॲड इट, ऑर इज दिस फाइन?'

शेवटचा तुकडा, 'की एवढंच राहू दे', गाळू नका. नाही म्हणायची वाट वेटरनंच उघडून दिली की माणसाला नाही म्हणताना ओशाळल्यासारखं होत नाही. त्यांनी हो म्हटलं तर १७३०. शेवटी गोडात एक सेरादुरा दोन चमच्यांसह १५० ला गेला तर १८८०. त्यावर पाच टक्के कर ९४, एकूण १९७४. काहीच सुचवलं नसतं तर करासकट १४५९ रुपये ५० पैसे झाले असते. पाचशेच्या वर फरक पडला, आणि ताटात काही उरलं नाही.

हिशेबाचा_माणूस
पद्धत पटली, पण तुम्ही हातातला पैसा सोडताय. विक्रीचा साधा नियम म्हणजे हो-नाहीचा प्रश्न विचारायचाच नाही, दोन पर्याय द्यायचे. 'पाणी मिनरल आणू की सोडा?' 'स्टार्टरमध्ये प्रॉन्स की स्क्विड?' माणूस दोहोंतलं एक निवडतो. आणि किंमत बोलायची गरज काय? मेन्यूत छापलेली आहेच. मुलं किंमत बोलायला लागली की गिऱ्हाईक खाण्याऐवजी बेरीज करत बसतं.

जुना_कॅप्टन
दोन पर्याय द्यायचे हे बरोबर आहे. पण कधी, ते महत्त्वाचं. माणसानं स्वतःहून 'स्टार्टर काय चांगलं आहे?' विचारलं की दोन नावं सांगा. तीन-चार सांगितलीत तर तो गोंधळतो आणि 'नंतर बघू' म्हणतो. दोन्हींत फरक हवा, एक तळलेलं तर एक सुकं, एक महाग तर एक मध्यम. 'प्रॉन्स रवा फ्राय कुरकुरीत आहे, ४२० ला. स्क्विड बटर गार्लिक मुलांनाही चालतं, ३६० ला.' इथं दोन पर्याय म्हणजे खरी मदत आहे.

पाण्याचं वाक्य मात्र सापळा आहे. त्यात साधं पाणी हा तिसरा पर्याय लपवलेला आहे. पैसे देणाऱ्याला ते बिल बघताना कळतं. वीस-तीस रुपयांच्या बाटलीसाठी पुढचा सेरादुरा आणि पुढची भेट दोन्ही जातात. तिन्ही नावं घ्या: 'साधं पाणी आणू, की बाटली, की सोडा?' इंग्रजीत 'रेग्युलर वॉटर, बॉटल्ड, ऑर सोडा?' बाटली हवी असलेला बाटलीच घेतो. बाहेरगावचे बरेच जण पोटाच्या काळजीनं ती मागतातच.

किमतीबद्दल: मेन्यूत छापलेला आणि बाकी पदार्थांच्या पट्टीतला पदार्थ असेल आणि त्यांनी स्वतः मागितला असेल, तर किंमत बोलू नका. पण सुचवणारे आपण असू तर बोलाच. त्यांनी मेन्यू मिटलेला असतो, पुन्हा उघडून किंमत बघणं चारचौघांत जड जातं. आणि साइझप्रमाणे दर असलेल्या मासळीची किंमत बोललीच पाहिजे, तिथं दुसरा विचार नाही.

नाशिकची_वाचक
धागा बिल जास्त लावण्याबद्दल आहे ना? मग आमचंही ऐका. गेल्या डिसेंबरात किनाऱ्यावरच्या एका ठिकाणी वेटरनं खेकडे 'सोळाशे रुपये किलो' सांगितले. आम्हाला वाटलं दोन खेकडे म्हणजे हजारभर होतील. बिलात नुसत्या खेकड्यांचे २२४० निघाले. याची तक्रार कुठे करायची?

पर्वरीकर
ताई, धागा प्रशिक्षणाचा आहे, तक्रारीचा नाही. पण तुमचं उदाहरण आमच्या फार कामाचं आहे. कॅप्टन, यात वेटर खोटं बोललेला नाही. मग चुकलं कुठे?

जुना_कॅप्टन
२२४० भागिले १६०० म्हणजे १ किलो ४०० ग्रॅम, एकेक खेकडा सातशे ग्रॅमचा. मोठ्या चिखली खेकड्याचं हे वजन अगदी नेहमीचं आहे. दर खरा, वजनही बहुधा खरं. चूक ही की त्यांना किलोचा दर कळला आणि एकूण रक्कम कळली नाही. खेकड्याला हातात घेऊन वजन ओळखणं घरी मासळी आणणाऱ्यालाही अवघड जातं. शिवाय कवच आणि नांग्या गेल्यावर खायचं मांस वजनाच्या पाव ते तिसरा हिस्सा राहतं. सातशे ग्रॅमच्या खेकड्यातून दोनशे ग्रॅमच्या आसपास. म्हणून बिल बघून 'एवढंसं तर होतं' असं वाटतं. आधी सांगितलं असतं तर वाटलं नसतं.

साइझच्या मासळीसाठी मुलांना हा क्रम घोटून घ्यायला लावा. मासा किंवा खेकडा ट्रेमधून टेबलाशी न्यायचा. त्यांनी निवडला की काट्यावर ठेवायचा, आकडा त्यांना दिसेल असा. वजन साफ करण्याआधीचं आहे हे सांगायचं. मग दर नाही, रक्कम बोलायची:

'काका, हे दोन मिळून एक किलो चारशे, म्हणजे दोन हजार दोनशे चाळीस रुपये, कर वेगळा. एकच केला तर सातशेचा आहे, अकराशे वीस. एक करू की दोन?'

इंग्रजीत: 'सर, दीज टू टुगेदर आर वन पॉइंट फोर किलोज. दॅट कम्स टू ट्वेंटी-टू फोर्टी रुपीज, प्लस टॅक्स. जस्ट वन विल बी इलेव्हन ट्वेंटी. वुड यू लाइक वन ऑर बोथ?'

त्यांनी हो म्हटल्यावर केओटीवर वजन आणि रक्कम दोन्ही लिहायची, 'खेकडा ७०० ग्रॅम / ११२०'. बिलात तोच आकडा आला पाहिजे. काट्यावरच्या आकड्यात आणि बिलात फरक पडला तर वेटर कितीही गोड बोलला असला तरी त्याचा उपयोग नाही.

अख्खं चणाक किंवा तांबोसो घेतलं तरी हेच. डोकं-काटे वगळून साधारण निम्मं खायला मिळतं. चौघांत किलोभराचा मासा सोबतीला पुरतो, पण त्यावरच जेवायचं असेल तर कमी पडतो. हे आधी सांगणारा वेटर एखाद्या वेळी मोठा मासाही विकतो, कारण लोक त्याच्या शब्दावर जातात.

किचनवाला
किचनच्या बाजूनं दोन गोष्टी. वेटर सुचवतात, पण वेळ बघत नाहीत. दुपारची थाळी पाच-सात मिनिटांत सुटते. तिसऱ्या शिंपले उघडले की झाल्या, लगेच निघतात. पण रेशाद भरलेला अख्खा मासा मंद आचेवर वीस मिनिटं तरी घेतो. घाई केली तर बाहेरून मसाला जळतो आणि काट्याजवळ कच्चा राहतो. थाळीवाल्याला तो सुचवला तर त्याचं ताक पिऊन होतं तेव्हा मासा येतो. 'वीस-पंचवीस मिनिटं लागतील, चालेल?' हे वाक्य सुचवण्यातच हवं. इंग्रजीत 'इट टेक्स अबाउट ट्वेंटी-फाइव्ह मिनिट्स, इज दॅट ओके?'

दुसरं, 'ताजी'. यंत्रांच्या बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दिवसांत नदीतली, पागी मच्छीमारांनी किनाऱ्याजवळ धरलेली मासळी येते, बाकी बरीचशी फ्रीझरमधली. फ्रीझरमधली सुरमई चांगली लागते, पण 'आज सकाळी आली' म्हणू नये. कोकणातल्या माणसाला पहिल्या घासात कळतं. शिफ्टच्या आधी मी फळ्यावर तीन ओळी लिहितो: आज बाजारातून काय आलं, फ्रीझरचं काय आहे, काय नाही. 'आज आलं' ही पहिली ओळ सोडून दुसऱ्या कशालाही लावायचं नाही. एवढं मुलांना पक्कं सांगा.

दोडामार्गचा
मी वेटरच आहे, म्हणून विचारतो. नाही ओळखायचं कसं? आपले मराठी लोक तोंडावर नाही म्हणत नाहीत. 'बघू' म्हणतात. मग मॅनेजर म्हणतो, परत जाऊन विचार.

जुना_कॅप्टन
हा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात कामाचा आहे. 'बघू', 'नंतर सांगतो', 'आधी हे येऊ दे', हे सगळं नाहीच धरायचं. मेन्यू मिटून टेबलाच्या कडेला सरकवला, मान हलवून मोबाईलकडे बघितलं, नवऱ्यानं बायकोकडे किंवा बायकोनं नवऱ्याकडे बघितलं, तेही नाही. एकदा नाही आलं की त्या टेबलावर तो पदार्थ परत काढायचा नाही. त्यांना हवा असेल तर ते हाक मारतील. वेटरनं फक्त हाकेच्या अंतरावर दिसत राहायचं.

नाहीवर उत्तर एवढंच: 'ठीक आहे काकू, थाळ्या आणतो.' इंग्रजीत 'नो प्रॉब्लेम, मॅडम. युवर थालीज आर कमिंग.' चेहरा पाडायचा नाही, 'अहो एकदा खाऊन तरी बघा' म्हणायचं नाही. ते शेवटचं वाक्य आपल्याकडे आग्रह म्हणून गोड वाटतं, पण तो घरचा आग्रह असतो, तिथं बिल येत नाही. ज्याला बिल द्यायचं आहे त्याच्यावर त्याचा दाब पडतो, आणि पाहुणे घेऊन आलेला असेल तर तो चारचौघांत नाही म्हणूच शकत नाही. तुमच्या मॅनेजरनं 'परत विचार' सांगितलं तर टेबलावर पाणी भरायला जा, पण पदार्थाचं नाव काढू नका.

याच कारणानं मुलांना थेट सुचवायचं नाही. 'बाळ, आइस्क्रीम हवं?' हे आईबापांना अडकवणं आहे. वेटरनं मोठ्यांना विचारायचं, तेही पोरांच्या कानावर जाणार नाही असं.

हिशेबाचा_माणूस
गोडाचं मान्य. पण मग गोड विचारायचं कधी? आमच्याकडे मुलं बिल ठेवतानाच विचारतात, बहुतेक नाहीच येतं.

जुना_कॅप्टन
कारण तेव्हा उशीर झालेला असतो. बिल मागितलं म्हणजे माणूस मनानं उठलेला असतो. त्यानंतर काहीही सुचवायचं नाही. योग्य वेळ म्हणजे ताटं उचलून टेबल पुसल्यावर, बिलाचं नाव निघायच्या आधी. 'एक सेरादुरा दोन चमच्यांत देऊ का? बेबिंकाही आहे. की बिलच आणू?' इंग्रजीत 'अ सेराडुरा विथ टू स्पून्स, मेबी? ऑर शॅल आय ब्रिंग द बिल?' एकात दोघं म्हटलं की पोट भरलेला माणूसही विचार करतो. चौघांना चार सुचवलेत तर एकही जात नाही.

पर्वरीकर
बारचं काय? पर्यटक फेणी मागतात आणि अर्धी सोडतात.

किचनवाला
बार माझ्या शेजारीच आहे म्हणून सांगतो. काजू फेणी साधारण ४२.८ टक्क्यांची, वास जबरदस्त. ज्यानं कधी घेतली नाही त्याला ६० मिलीचा पेग सुचवणं म्हणजे ग्लास परत येणार. आधी बाटलीचं झाकण उघडून वास घेऊ द्या, मग ३० मिली लिंबू-सोड्यात. 'पहिल्यांदा असेल तर तीसच घ्या, आवडली तर परत देतो.' इंग्रजीत 'इफ इट्स युवर फर्स्ट टाइम, ट्राय थर्टी एमएल विथ लाइम अँड सोडा.' उराक फक्त साधारण मार्च ते मे, पहिल्या गाळपाची, फेणीपेक्षा हलकी. त्या दिवसांत तीच सुचवा. ऑक्टोबरात उराकचं नाव काढू नका.

आणि टेबलावर भाड्याच्या स्कूटरची चावी दिसली तर दुसरा पेग आपण होऊन सुचवायचा नाही. त्यांनी मागितला तर तेव्हा कॅप्टनला सांगायचं.

पर्वरीकर
चाळीस मिनिटांची मांडणी आता अशी डोक्यात आहे: दहा मिनिटं थाळीत काय येतं आणि फळ्यावरच्या तीन ओळी, दहा मिनिटं ट्रे-काटा-रक्कम हा क्रम खऱ्या काट्यावर, उरलेली वीस तिघांच्या गटात सराव. सराव कसा घ्यावा?

जुना_कॅप्टन
नऊ जण म्हणजे तीन गट. एक गिऱ्हाईक, एक वेटर, एक बघणारा, तीन-तीन मिनिटांनी अदलाबदल. गिऱ्हाइकाच्या हातात चिठ्ठी द्या, वेटरला न दाखवता: 'दीड हजारांच्या आत उरकायचं आहे', 'सासरे बरोबर आहेत', 'पोट भरलंय, पण गोड आवडतं'. बघणाऱ्यानं तीनच गोष्टी टिपायच्या: किती वेळा सुचवलं, रक्कम बोलला का, नाहीनंतर परत विचारलं का. गुण वगैरे देऊ नका. आणि वाक्य पाठ म्हणतोय असं दिसलं तर थांबवून स्वतःच्या शब्दांत म्हणायला सांगा. इंग्रजी वाक्य मात्र पहिले काही दिवस पाठच असू दे, नाहीतर मुलं घाबरून सुचवतच नाहीत.

हिशेबाचा_माणूस
माझ्या मते वेटरला विकलेल्या प्लेटमागे दहा रुपये दिले की शिकवायची अर्धी गरज उरत नाही. सेरादुरामागे दहा, स्टार्टरमागे वीस.

दोडामार्गचा
आमच्याकडे हे करून बघितलं. सगळे सेरादुराच विकायला लागले आणि ज्याच्या वाट्याला चार कॉलेजची मुलं आली तो दिवसभर नाराज. पण अजिबात काही दिलं नाही तर मालकाचं बिल वाढवायला आम्ही का बोलायचं, हेही खरंच आहे.

जुना_कॅप्टन
एकेका प्लेटवर पैसे लावू नका, त्यानंच 'परत विचार' सुरू होतं. द्यायचेच तर आठवड्याच्या एकूण वाढीतून सगळ्यांत सारखे वाटा, किचनसकट. आणि फक्त बिलाचा आकडा बघू नका. परत येणारी ताटं बघा. सुचवलेला पदार्थ अर्धा उरून येत असेल तर त्या वेटरला परत सरावाला बसवा, त्याची विक्री कितीही असली तरी.

हिशेबाचा_माणूस
सारखं वाटलं की न बोलणाराही तेवढंच घेतो. हे मला पटत नाही.

पर्वरीकर
पैशांचं मालकांवर सोडतो, त्यावर दोघांचं म्हणणं त्यांना दाखवीन. किचनवाले, एक विचारायचं राहिलं. व्हेज थाळीवाल्या आजींसाठी त्या उदाहरणात काहीच सुचवलं नव्हतं. तिसऱ्या तिघांच्या, आजी नुसत्या बघत राहणार. तिथं काय चालेल?

किचनवाला
मशरूमची शाकुती अर्धी प्लेट देता येते, मेन्यूत नसली तरी. पण आधी विचारा, 'आजी कांदा-लसूण खातात ना?' नाही म्हणाल्या तर शाकुती चालणार नाही, तिच्या वाटपात दोन्ही असतं. मग केळ्याचे किंवा सुरणाचे रवा फ्राय काप करा. तवा मात्र मासळीचा नको, वेगळा. माझ्याकडे तो एकच आहे, त्यामुळे गर्दीच्या वेळी दहा मिनिटं धरून चाला, आणि तेवढी वेळही त्यांना सांगून टाका.